आवाजाची तीन मापे: जिटर, शिमर आणि एचएनआर

माणूस लांब ‘आ’ लावतो तेव्हा स्वरयंत्रातले दोन स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा मिटतात आणि उघडतात. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात हा वेग सव्वाशेच्या आसपास असतो, स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या. एका उघडझापेला एक आवर्तन म्हणतात. वेग सेकंदाला २०० असेल तर एक आवर्तन पाच मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागात संपते. मात्र कोणतीही दोन आवर्तने तंतोतंत सारखी नसतात. स्वरतंतूंना ताणणाऱ्या स्नायूंकडे मज्जातंतूंचे संदेश तुटक येतात, तंतूंवर चिकट स्रावाचा थर असतो, फुप्फुसांतून येणाऱ्या हवेचा दाब किंचित कमी-जास्त होतो. त्यामुळे निरोगी आवाजातही थोडी थरथर असतेच. ती कानाला खटकत नाही, उलट आवाज माणसाचा वाटतो तो काही अंशी तिच्यामुळे. घोगऱ्या, बसलेल्या किंवा फाटलेल्या आवाजात ही अनियमितता वाढते. जिटर, शिमर आणि एचएनआर ही तिला आकड्यांत पकडणारी तीन मापे आहेत.

जिटर म्हणजे लागोपाठच्या आवर्तनांच्या कालावधीतला फरक. फिलिप लिबरमन यांनी १९६१ मध्ये आवाजाच्या सुरातल्या या सूक्ष्म विचलनांवर लेख लिहिला आणि पुढच्या दशकांत ते माप आवाजाच्या दवाखान्यांत रुळले. त्याचा हिशेब कागदावर करता येण्याइतका सोपा आहे. समजा, एका स्त्रीच्या ‘आ’मधली सलग पाच आवर्तने ५.००, ५.०३, ४.९८, ५.०२ आणि ४.९७ मिलिसेकंदांची आहेत. शेजारशेजारच्या आवर्तनांतले फरक ०.०३, ०.०५, ०.०४ आणि ०.०५. त्यांची सरासरी ०.०४२५. आवर्तनांची सरासरी लांबी ५.००. पहिल्या सरासरीला दुसरीने भागले की ०.८५ टक्के जिटर मिळतो. प्रत्यक्षात अशी शेकडो आवर्तने घेतात, पण रीत हीच.

शिमरचा हिशेबही असाच, फक्त त्यात कालावधीऐवजी प्रत्येक आवर्तनाची उंची, म्हणजे ध्वनिलहरीचा जोर धरतात. आलेखावर लागोपाठची शिखरे ८०, ८३, ७९, ८२ आणि ८१ एककांची असतील तर फरकांची सरासरी २.७५ येते, उंचीची सरासरी ८१, आणि शिमर सुमारे ३.४ टक्के. सूर हळूहळू चढवला किंवा उतरवला तर ही मापे फारशी बिघडत नाहीत, कारण शेजारच्या दोन आवर्तनांत तेव्हा अगदी थोडाच फरक पडतो. तेवढाही नको असेल तर तीन किंवा पाच आवर्तनांची सरासरी काढून तिच्याशी मधल्या आवर्तनाची तुलना करणारे प्रकार वापरतात.

एचएनआर हे माप वेगळ्या वाटेने जाते. स्वरतंतू नियमित कंप पावतात तेव्हा मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुपटीच्या, तिपटीच्या, चौपटीच्या वारंवारताही उमटतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेतून ऐकू येणारा गंधार हे त्यांचेच उदाहरण. तंतू नीट मिटत नसतील तर फटीतून निसटणारी हवा घुसळते आणि तिचा फुसफुसाट हार्मोनिकांच्या मधल्या जागा भरून टाकतो. आवाजातल्या नियमित भागाची ऊर्जा आणि या गोंगाटाची ऊर्जा यांचे गुणोत्तर डेसिबेलमध्ये मांडले की एचएनआर मिळतो. यूमोटो, गूल्ड आणि बेअर यांनी १९८२ मध्ये घोगरेपणाची पातळी सांगण्यासाठी हे माप मांडले. निम्मी ऊर्जा नियमित आणि निम्मी गोंगाटाची असेल तर आकडा शून्य येतो, ९९ टक्के नियमित असेल तर २०. निरोगी ‘आ’ साधारण २० डेसिबेलच्या आसपास भरतो. त्याच माणसाने ‘ऊ’ लावला तर आकडा ४० पर्यंत जाऊ शकतो, कारण ‘ऊ’मध्ये वरच्या वारंवारता फार क्षीण असतात. गळा तोच असूनही केवळ स्वर बदलल्याने एवढा फरक पडतो, म्हणून कोणता स्वर लावला होता हे न नोंदवता दिलेला एचएनआर निरुपयोगी आहे.

ही मापे किती नाजूक आहेत हे ध्वनिमुद्रणाकडे पाहिले की कळते. पाच मिलिसेकंदांच्या आवर्तनात अर्धा टक्का जिटर म्हणजे २५ मायक्रोसेकंद. नेहमीच्या डिजिटल मुद्रणात सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, म्हणजे दोन नमुन्यांत सुमारे २३ मायक्रोसेकंदांचे अंतर असते. मोजायचा फरक आणि मोजपट्टीची एक खूण जवळपास सारख्याच, म्हणून दोन नमुन्यांच्या मध्ये नेमकी जागा गणिताने अंदाजावी लागते. आता त्यात खोलीतल्या पंख्याची घरघर मिसळली तर ती प्रत्येक शिखर किंचित इकडेतिकडे ढकलते. जिटर वाढतो, शिमर वाढतो, एचएनआर घसरतो, आणि स्वरयंत्रात मात्र काहीच बदललेले नसते. मायक्रोफोन तोंडापासून दूर ठेवला किंवा मुद्रण दाबून लहान फाइलमध्ये साठवले तरी आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

याहून मोठी अडचण बोलण्याच्या जोराची आहे. हळू आवाजात जिटर आणि शिमर वाढतात, मोठ्या आवाजात उतरतात, आणि हे निरोगी माणसातही घडते. स्वरतंतूंवर गाठी आलेली एक शिक्षिका कल्पावी. उपचारापूर्वी ती घसा जपत दबक्या आवाजात ‘आ’ लावते. जिटर १.२ टक्के, शिमर ६ टक्के, एचएनआर १४ डेसिबेल. सहा आठवड्यांच्या व्यायामांनंतर ती धीटपणे, मोकळ्या आवाजात तोच स्वर लावते आणि आकडे ०.६ टक्के, ३.५ टक्के आणि १९ डेसिबेल असे येतात. अहवाल पाहणारा आनंदून जाईल. पण यातली किती सुधारणा गाठी विरल्यामुळे झाली आणि किती नुसती जोराने बोलल्यामुळे, हे या आकड्यांतून सांगता येणार नाही. पहिल्याच दिवशी तिला मोठ्याने ‘आ’ लावायला सांगितले असते तरी आकडे बऱ्यापैकी सुधारलेले दिसले असते. म्हणून दोन्ही वेळा आवाजाची पातळी आणि सूर सारखा ठेवणे, निदान तो मोजून लिहिणे, ही तुलनेची किमान अट आहे. बहुतेक अहवालांत नेमकी हीच नोंद नसते.

तिसरी मर्यादा सर्वांत खोल आहे. जिटर आणि शिमर काढण्यासाठी सॉफ्टवेअरला आधी प्रत्येक आवर्तन कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे ओळखावे लागते. आवाज जितका बिघडलेला तितके ते ओळखणे कठीण. काही रुग्णांत एक आवर्तन लांब, एक आखूड असा क्रम चालतो आणि ऐकणाऱ्याला दोन सूर एकत्र लागल्यासारखे वाटतात. समजा आवर्तने ५.०, ५.६, ५.०, ५.६ मिलिसेकंदांची आहेत. सॉफ्टवेअरने प्रत्येक आवर्तन वेगळे धरले तर जिटर ११ टक्क्यांवर जातो. त्याने दोन-दोनांची जोडी हेच एक आवर्तन मानले तर प्रत्येक ‘आवर्तन’ १०.६ मिलिसेकंदांचे भरते आणि जिटर शून्याला टेकतो. एकाच मुद्रणाचे हे दोन निकाल, एक गंभीर बिघाड सांगणारा आणि दुसरा निर्दोष गळा.

ॲम्स्टरडॅम विद्यापीठात पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी तयार केलेले प्राट हे मोफत सॉफ्टवेअर जगभर या कामासाठी वापरले जाते. त्याच्या मूळ मांडणीत लागोपाठच्या दोन कालावधींचे प्रमाण १.३ पटींहून जास्त असेल तर ती जोडी जिटरच्या हिशेबातून वगळली जाते. निरोगी आवाजात यामुळे चुकीच्या खुणा गाळल्या जातात, पण फार बिघडलेल्या आवाजात सर्वांत वाईट आवर्तनेच हिशेबाबाहेर पडतात आणि आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. ही अडचण ओळखून इंगो टिट्झ यांनी १९९५ मध्ये तज्ज्ञांच्या कार्यशाळेचा सारांश मांडला. त्यात आवाजाचे संकेत तीन प्रकारांत विभागले आहेत: जवळपास नियमित, मधूनच दुहेरी होणारे किंवा वेगळ्याच लयीत शिरणारे, आणि लय अजिबात नसलेले. जिटर-शिमर फक्त पहिल्या प्रकारातच वापरावेत अशी त्यातली शिफारस आहे. म्हणजे ज्या रुग्णांच्या आवाजाबद्दल सर्वांत जास्त काळजी असते त्यांच्याच बाबतीत ही मापे लंगडी पडतात. आलेख आणि वर्णपट डोळ्यांनी पाहून आवाज कोणत्या प्रकारात बसतो हे आधी ठरवले नाही तर पुढचा आकडा वाचण्यात अर्थ नाही.

अहवालांत अनेकदा जिटरसाठी १.०४ टक्के आणि शिमरसाठी ३.८१ टक्के अशी सीमा छापलेली असते. ती एका विशिष्ट व्यापारी उपकरणाच्या हिशेबपद्धतीतून आलेली आहे. दुसरे सॉफ्टवेअर आवर्तने वेगळ्या पद्धतीने शोधते, त्यामुळे ती सीमा तिथे जशीच्या तशी लागू होत नाही. सीमेच्या आत असणे म्हणजे निरोगी आणि बाहेर असणे म्हणजे रोगी, असे तर मुळीच नाही. गाठ, पॉलिप, सूज, एका बाजूच्या तंतूचा लकवा, कर्करोगाची सुरुवात, या साऱ्यांत आकडे बिघडू शकतात आणि एकसारखेच बिघडू शकतात. फुसफुसाट आणि खरखर हे कानाला वेगळे कळणारे दोष आहेत, पण हवेच्या गोंगाटाने जिटरही वाढतो आणि तंतूंच्या अनियमित कंपनाने एचएनआरही घसरतो. तीन नावे असली तरी ती तीन वेगवेगळ्या दोषांकडे बोट दाखवत नाहीत.

त्यामुळे या मापांची जागा मर्यादित आहे, पण ती खरी आहे. नियमिततेच्या जवळ असलेला आवाज, तोच माणूस, तीच खोली, तोच मायक्रोफोन, तोच स्वर, तीच पातळी, आणि प्रत्येक वेळी किमान तीन नमुने, एवढे पाळले तर काही महिन्यांतला बदल जिटर, शिमर आणि एचएनआर प्रामाणिकपणे दाखवतात. बिघडलेल्या आवाजासाठी आणि सलग बोलण्यासाठी आता सेप्स्ट्रमवर आधारलेले माप अधिक भरवशाचे मानले जाते. त्यात एकेक आवर्तन शोधावे लागत नाही, संपूर्ण वर्णपटात हार्मोनिकांची रांग किती ठळकपणे उठून दिसते ते पाहिले जाते. अमेरिकेतल्या वाचा-भाषा-श्रवण संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०१८ मध्ये आवाज तपासणीची जी कार्यपद्धती सुचवली तिच्यातही आवाजाच्या एकूण दर्जासाठी हेच माप घेतले आहे.

आवाज बसण्याचे कारण मात्र यांपैकी कोणतेच माप सांगत नाही. ते कळण्यासाठी दुर्बिणीने स्वरयंत्र पाहावे लागते. आवाज चार आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर, आणि तंबाखू-विडीची सवय असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा गिळताना त्रास होत असेल तर त्याआधीच, मोबाइलवरच्या ॲपने दाखवलेला आकडा चांगला असला तरी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ती तपासणी करून घ्यावी.