ओतकाम कधी आहे, ते आधी विचारा

चाकणची एक कंपनी ट्रकच्या सस्पेन्शनचे सुटे भाग जोडते, असं समजा. त्यातला सहा किलोंचा एक ब्रॅकेट तिला कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीकडून घ्यायचा आहे. नमुने पास झाले आहेत, दर ठरला आहे. नियमित ऑर्डर सुरू करण्याआधी कंपनीला फौंड्री स्वतः पाहायची आहे. याला सप्लायर ऑडिट म्हणतात. त्याची सुरुवात एका पत्राने होते आणि पत्रात मुख्यतः तीन गोष्टी असतात: कधी येणार, काय पाहणार आणि कोण-कोण हजर राहणार. अनेक खरेदी विभाग हे पत्र चार ओळींत उरकतात: ‘पुढच्या आठवड्यात आमची टीम ऑडिटसाठी येत आहे, कृपया सहकार्य करावे.’ माझ्या मते अशा ऑडिटमधून फारसं काही हाती लागत नाही. काय दिसणार आणि काय दिसणार नाही, हे बहुतांशी पत्रातच ठरलेलं असतं.

आधी ब्रॅकेटविषयी. तो एसजी आयर्नचा, 500/7 ग्रेडचा आहे. साध्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं आणि त्या पापुद्र्यांच्या कडांवरून तडा जातो. एसजी आयर्नमध्ये तेच ग्राफाइट गोल गाठींच्या रूपात असतं, म्हणून ते धक्का सोसतं. ही गोलाई मॅग्नेशियममुळे येते. इंडक्शन भट्टीतून सुमारे 1,450 ते 1,500 अंश सेल्सिअसचा रस लॅडलमध्ये घेताना त्यात मॅग्नेशियमयुक्त फेरोसिलिकॉन मिसळतात. तयार मालात मॅग्नेशियम जेमतेम 0.03 ते 0.05 टक्के उरतं. अडचण अशी की ते टिकत नाही. रस लॅडलमध्ये थांबला की ते मिनिटागणिक उडत जातं. म्हणून बहुतेक फौंड्र्या रस तयार झाल्यापासून शेवटचा साचा भरेपर्यंत आठ-दहा मिनिटांची मर्यादा ठेवतात. मर्यादा उलटली तर शेवटच्या साच्यांतला ब्रॅकेट बाहेरून तसाच दिसतो, वजनही तेवढंच भरतं, पण आतल्या गाठी बिघडलेल्या असतात. असा ब्रॅकेट रस्त्यावर तुटतो.

म्हणजे ऑडिटमधली सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं लॅडलपाशी आहेत. ऑडिटर आले त्या दिवशी ब्रॅकेटचं ओतकामच नसेल, तर ती दहा मिनिटं त्यांना दिसणार नाहीत. मध्यम आकाराच्या फौंड्रीत एका मोल्डिंग लाइनवर डझनभर ग्राहकांचे पॅटर्न आलटून पालटून लागतात. आपल्या ब्रॅकेटचा नंबर आठवड्यातून एक-दोनदाच येत असेल. शिवाय विजेचा दर दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो, म्हणून अनेक जण स्वस्त दराच्या तासांत भट्टी लावतात. वसाहतीच्या साप्ताहिक सुटीचा वारही पाहावा लागतो. पिंपरी-भोसरीकडच्या माणसाला गुरुवारच्या सुटीची सवय असते आणि कोल्हापूरचाही तोच वार असेल असं तो धरून चालतो. म्हणून तारीख मागण्याआधी ओतकामाचा आराखडा मागवावा.

आपल्या कंपनीने 18 मे 2026 रोजी पाठवलेलं पत्र असं असेल:

‘मा. क्वालिटी व्यवस्थापक, स. न. वि. वि. एसजी आयर्न ब्रॅकेटचे नियमित उत्पादन सुरू होण्यापूर्वी आपल्या कारखान्याचे प्रक्रिया-ऑडिट करण्याची आमची विनंती आहे. मंगळवार 9 आणि बुधवार 10 जून या तारखा आम्ही सुचवत आहोत. या दोन दिवसांत ब्रॅकेटचे किमान एक ओतकाम पाहायला मिळणे आवश्यक आहे. ते आराखड्यात नसल्यास 16 आणि 17 जून चालेल. त्यासाठी आराखड्यात फेरबदल करू नयेत. पहिल्या दिवशी दुसऱ्या पाळीची सुरुवात होईपर्यंत आम्ही थांबू. ऑडिटची व्याप्ती: कच्च्या मालाची आवक, वाळू, मोल्डिंग, वितळण, ओतकाम, फेटलिंग, तपासणी, डिस्पॅच, तसेच बाहेर करून घेतलेले मशीनिंग. इतर ग्राहकांची ड्रॉइंग आणि आपले हिशेब व्याप्तीत नाहीत. आमच्याकडून सप्लायर क्वालिटीचे एक अभियंता, एक धातुतज्ज्ञ आणि खरेदी विभागाचे एक प्रतिनिधी येतील. आपल्याकडून वितळण विभागाचे दोन्ही पाळ्यांचे सुपरवायझर, वाळू प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, स्पेक्ट्रोमीटर चालवणारी व्यक्ती आणि डिस्पॅच प्रमुख त्या-त्या वेळी उपलब्ध असावेत. मालकांनी सुरुवातीच्या व समारोपाच्या बैठकीला उपस्थित राहावे ही विनंती. छायाचित्रे आपल्या परवानगीनेच घेऊ. प्रवास व निवासाचा खर्च आमचा. कृपया 25 मेपर्यंत कळवावे.’

‘त्यासाठी आराखड्यात फेरबदल करू नयेत’ हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. पाहुणे येणार म्हणून मुद्दाम लावलेल्या हीटला अनुभवी माणसं उभी केली जातात, स्क्रॅप निवडून घातला जातो, लॅडल अर्धीच भरली जाते. त्या दिवशीचं ओतकाम चांगलंच होतं. रोजचं कसं होतं ते मात्र कळत नाही. फौंड्रीचं उत्तर आलं की ब्रॅकेट 12 जूनला आणि नंतर 17 जूनला आहे, तर सरळ 16-17 घ्यावी. जून असल्यामुळे आणखी एक फायदा होतो. पावसाळ्यात उघड्यावरचा स्क्रॅप ओला होतो. ओला स्क्रॅप तापलेल्या रसात गेला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन रस उसळतो आणि भट्टीवरच्या माणसाच्या जिवावर बेततं. तसंच वाळूतला ओलावा दर तासाला बदलतो आणि तो सांभाळला नाही तर ओतीव मालात वायूची छिद्रं पडतात. जानेवारीत हे सगळं कोरडं आणि निर्धास्त दिसलं असतं.

व्याप्तीबद्दल दोन्ही बाजूंची गफलत होते. वाहन उद्योगात आयएटीएफ 16949 हे मानक चालतं आणि फौंड्रीकडे त्याचं प्रमाणपत्र असलं की खरेदीदाराला वाटतं, आता पाहण्यासारखं काय उरलं? प्रमाणपत्र कारखान्याच्या व्यवस्थेला मिळतं, ब्रॅकेटला नाही. म्हणून पत्रात भागाचं नाव हवं. एकच भाग धरून आवकेपासून डिस्पॅचपर्यंत त्याच्यामागे चालत जाण्याची रीत जर्मन वाहन उद्योगाच्या व्हीडीए 6.3 पद्धतीतून पुष्कळांनी उचलली आहे. तिथे प्रत्येक प्रश्नाला शून्य ते दहा गुण असतात. एकूण 90 टक्के किंवा जास्त मिळाले तर अ, 80 पासून 90 च्या आतले ब आणि त्याखाली क श्रेणी. गुणांचा आकडा मात्र नंतरचा. बाहेर करून घेतलेलं मशीनिंग व्याप्तीत लिहिलं नसेल, तर ऑडिटरला त्या शेडमध्ये पाऊल टाकता येत नाही. ब्रॅकेटची भोकं चुकीच्या जागी पडली, तर ती नेमकी त्याच शेडमध्ये पडलेली असतात. उलट इतर ग्राहकांची ड्रॉइंग वगळल्याचं स्पष्ट लिहिलं, की फौंड्रीवाल्यांचाही जीव भांड्यात पडतो. त्यांच्याकडे आपल्या स्पर्धकांचेही पॅटर्न असतात आणि ते झाकून ठेवणं हे त्यांचं कर्तव्य आहे.

हजर राहणाऱ्यांच्या यादीत नेहमीची चूक म्हणजे फक्त साहेबांची नावं लिहिणं. क्वालिटी व्यवस्थापक सगळी उत्तरं देतात, नीट देतात, पण लॅडल ते धरत नाहीत. धातुतज्ज्ञाने भट्टीवरच्या सुपरवायझरला विचारावं, ‘दादा, क्रेन अडकली आणि दहा मिनिटं उलटली, तर उरलेल्या रसाचं काय करता?’ ‘रस परत भट्टीत घेतो आणि रजिस्टरात लिहितो’ असं उत्तर आलं तर ते रजिस्टर पाहावं. गेल्या तीन महिन्यांत एकदाही तशी नोंद नसेल, तर क्रेन कधी अडकलीच नाही यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला बोलावण्याचं कारणही हेच. पाळी बदलताना अर्धी भरलेली लॅडल आणि अर्धवट नोंदी कुणाच्या ताब्यात जातात, हे त्या अर्ध्या तासातच दिसतं. खरेदी प्रतिनिधीने मात्र त्या दोन दिवसांत दराचा विषय काढू नये. दराची घासाघीस सुरू झाली की समोरचा माणूस अडचणी सांगणं बंद करतो.

17 जूनला भट्टीपाशी काय करायचं? अंगावर सुती कपडे आणि पायात सेफ्टी शूज, कारण नायलॉनवर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. मॅग्नेशियम मिसळल्याबरोबर घड्याळ लावायचं आणि शेवटचा साचा भरेपर्यंत गप्प उभं राहायचं. समजा नऊ मिनिटं वीस सेकंद लागले. मग मागच्या महिन्याच्या नोंदी उघडायच्या. प्रत्येक लॅडलपुढे ‘8 मिनिटे’ लिहिलेलं असेल, एकाच पेनाने, एकाच कलत्या अक्षरात, तर त्या नोंदी पाळी संपल्यावर एका बैठकीत भरल्या आहेत. खऱ्या नोंदीत सात चाळीस असतं, नऊ दहा असतं, मध्येच खाडाखोड असते.

त्यानंतर डिस्पॅचच्या रॅकमधून आपल्याच हाताने एक ब्रॅकेट उचलायचा. दाखवलेला घ्यायचा नाही. त्यावरचा हीट नंबर वाचून त्या हीटचा स्पेक्ट्रोमीटरचा निकाल, भट्टीत घातलेल्या मालाची नोंद आणि सूक्ष्मरचनेचा अहवाल मागायचा. सूक्ष्मरचनेचा तुकडा लॅडलच्या शेवटच्या साच्यातला होता की पहिल्या, हा प्रश्न न विसरता विचारायचा, कारण पहिल्या साच्यातल्या गाठी जवळपास नेहमीच गोल असतात. कागद पंधरा-वीस मिनिटांत समोर आले तर व्यवस्था जिवंत आहे. ‘उद्या मेल करतो’ असं उत्तर आलं, तर ते तसंच टिपून घ्यायचं.

समारोपाच्या बैठकीत मालक लागतात ते याच कारणासाठी. तुकडा शेवटच्या साच्यातून घ्यायचा असं ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही. पण लॅडल लहान करणं किंवा दुसरी क्रेन बसवणं हा पैशाचा निर्णय आहे आणि तो सुपरवायझर घेऊ शकत नाही. प्रत्येक त्रुटीपुढे जबाबदार व्यक्ती आणि तारीख त्याच टेबलावर लिहून दोघांच्या सह्या व्हाव्यात. फौंड्रीला एखादी त्रुटी मान्य नसेल तर तेही तिथेच नोंदवावं. महिन्याभरानंतरची दुसरी भेट लहान असते: एक धातुतज्ज्ञ, एक दिवस आणि व्याप्तीत फक्त ओतकाम. दोन दिवसांत दिसतात त्या मोजक्या हीट्स, वर्षभराच्या नाहीत. म्हणून शेवटच्या साच्यातला तुकडा प्रत्येक लॅडलमागे जपून ठेवण्याची अट पुरवठ्याच्या करारात घालून घ्यावी आणि त्यातले कोणते तुकडे चाकणच्या प्रयोगशाळेत तपासायचे, ते दर महिन्याला खरेदीदाराने निवडावं.