भागीतला वाटा कोणाचा किती?

क्रिकेटच्या धावफलकात फलंदाजांच्या नावांखाली एक छोटीशी ओळ छापलेली असते. कोणता गडी किती धावसंख्येवर बाद झाला, एवढेच ती सांगते. पुष्कळजण ती वाचतच नाहीत. पण दोन फलंदाजांच्या भागीत कोणाचे काम काय होते, हे शोधायचे असेल तर सुरुवात याच ओळीपासून करावी लागते. एक प्रसिद्ध सामना घेऊन पाहू.

जुलै १९८१. इंग्लंडमधील लीड्सचे हेडिंग्ले मैदान. ऑस्ट्रेलियाने इंग्लंडवर फॉलोऑन लादला होता आणि दुसऱ्या डावात इंग्लंडची अवस्था ७ बाद १३५ झाली होती. डावाचा पराभव टाळण्यासाठीच अजून ९२ धावा हव्या होत्या. तेथून इंग्लंडने ३५६ पर्यंत मजल मारली आणि अखेर सामना १८ धावांनी जिंकला. इयान बॉथम १४९ धावांवर नाबाद राहिला. 'बॉथमने एकहाती सामना फिरवला', असे तेव्हापासून म्हटले जाते. आकडे काय म्हणतात?

सातवा गडी १३५ वर बाद झाला, आठवा २५२ वर, नववा ३१९ वर आणि दहावा ३५६ वर. लागोपाठच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की भागीच्या धावा मिळतात. म्हणून शेवटच्या तीन भागी ११७, ६७ आणि ३७ धावांच्या झाल्या. तिन्हींत बॉथम एका टोकाला होता. दुसऱ्या टोकाला अनुक्रमे डिली, ओल्ड आणि विलिस हे तीन गोलंदाज आले.

आता एक सोपी युक्ती पाहा. डिली भागीच्या प्रारंभी मैदानात आला आणि तो बाद झाला तेव्हाच भागी संपली. म्हणजे त्याच्या सर्व ५६ धावा या एकाच भागीतल्या आहेत. ११७ मधून ५६ वजा केल्यावर ६१ उरतात. त्यात बॉथमच्या धावा आणि अवांतर धावा दोन्ही आल्या. तेव्हा बॉथमचा वाटा जास्तीत जास्त ६१, प्रत्यक्षात कदाचित त्याहून थोडा कमीच. म्हणजेच नवव्या क्रमांकावर आलेला डिली बॉथमच्या जवळजवळ बरोबरीने धावा करत होता! ओल्डने ६७ पैकी २९ काढल्या. विलिसने मात्र ३७ पैकी फक्त २. तिघांच्या मिळून ८७ धावा होतात. सामना अवघ्या १८ धावांनी जिंकला, हे ध्यानात घेतले म्हणजे 'एकहाती' हा शब्द खटकू लागतो.

मग विलिसने काहीच केले नाही का? येथे केवळ धावांचा वाटा पाहून भागत नाही. कोणी किती चेंडू खेळले, हेही पाहावे लागते. याचे उत्तम उदाहरण त्याच मैदानावर ऑगस्ट २०१९ मध्ये घडले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडचे नऊ गडी बाद झाले असताना विजयासाठी ७३ धावा हव्या होत्या. बेन स्टोक्स आणि जॅक लीच यांनी अभेद्य ७६ धावा जोडून सामना जिंकला. त्यांत स्टोक्सच्या ७४, लीचची १ आणि अवांतर १. धावांवरून लीचचा वाटा जवळपास शून्य ठरतो.

पण भागी ६२ चेंडू चालली. स्टोक्सने त्यांतले ४५ खेळले आणि लीचने १७. ६२ चेंडू म्हणजे १० षटके व २ चेंडू. तेव्हा लीचच्या वाट्याला सरासरीने षटकात एक ते दोन चेंडू आले. हे योगायोगाने होत नाही. समजा, पाचव्या चेंडूवर स्टोक्सने एक धाव काढली. सहावा चेंडू लीच खेळतो आणि धाव घेत नाही. पुढचे षटक दुसऱ्या टोकाकडून सुरू होते, त्यामुळे चेंडू पुन्हा स्टोक्सच्याच समोर येतो. या व्यवस्थेत लीचचे काम धावा काढण्याचे नव्हतेच. सतराच्या सतरा चेंडूंवर बाद न होणे, हेच त्याचे काम होते. त्यांतला एक चेंडू जरी चुकला असता, तरी स्टोक्सच्या धावा वाया गेल्या असत्या.

अर्थात आकड्यांनाही मर्यादा आहे. विजयाला दोन धावा हव्या असताना लीच धावचीत होणार होता. पण नेथन लायनच्या हातून चेंडू निसटला. भागीच्या आकड्यांत ही चूक कोठेच दिसत नाही.

पुढचा धावफलक हाती आला की आधी भागीच्या धावा काढा. मग नव्याने आलेल्या फलंदाजाच्या धावा वजा करा आणि अवांतर धावा विसरू नका. शेवटी चेंडूंची वाटणी पाहा. धावा आणि चेंडू दोन्ही निम्मे-निम्मे असतील, तर ती बरोबरीची जोडी होय. धावांबरोबर चेंडूंचा वाटाही एकाकडे झुकला असेल, तर एकजण दुसऱ्याला सांभाळून घेत होता, असे समजावे.