गाव नव्या फोनवर नेताना

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मधलं गाव आपोआप येत नाही. गुगल प्ले गेम्स आणि ॲपलचं गेम सेंटर एकमेकांशी बोलतच नाहीत. गाव असतं कंपनीच्या सर्व्हरवर. फोनकडे असते फक्त किल्ली. म्हणून जुना फोन विकण्याआधी (घाई तिथेच होते) गेमच्या सेटिंग्जमध्ये सुपरसेल आयडी काढून तो चालू ईमेलला जोडा. प्रोफाइलमध्ये नावाखाली # ने सुरू होणारा टॅग लिहून ठेवा. नव्या फोनवर त्याच ईमेलने लॉग इन केलं, की मेलवर कोड येतो. नवखं गाव दिसलं तर घाबरू नका, सेटिंग्जमधून लॉग इन करा आणि टॅग जुळतोय का पाहा. प्ले स्टोअरवर एखादं सबस्क्रिप्शन चालू असेल, तर ते मात्र तिथेच जाऊन बंद करावं लागतं.