मेडिकलमधली मुलाखत: तीन गैरसमज

डी.फार्म. झालेले बहुतेक उमेदवार औषधांची नावे आणि डोस पाठ करून मुलाखतीला जातात. दुकानमालक मात्र काउंटरवरचा एखादा प्रसंग सांगून ‘अशा वेळी काय कराल?’ असे विचारतो. तिथे पुढचे तीन गैरसमज आडवे येतात.

गैरसमज १ : चिठ्ठीतला ब्रँड नसेल तर त्याच घटकाचा दुसरा द्यावा.

वस्तुस्थिती : औषधे नियम, 1945 मधल्या नियम 65 नुसार शेड्यूल एच आणि एक्समधल्या औषधाऐवजी दुसरे उत्पादन परस्पर देता येत नाही, मग घटक तोच का असेना. ‘आमच्याकडे हा ब्रँड नाही. डॉक्टरांना फोन करून विचारतो, ते हो म्हणाले तर बदललेली चिठ्ठी घेऊन देतो,’ हे बरोबर उत्तर. पण त्याआधी चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, तारीख, डॉक्टरांची सही, औषधाची मात्रा आणि एकूण किती द्यायचे हे आहे ना, तेही पाहायचे.

गैरसमज २ : इन्सुलिन जितके थंड, तितके चांगले.

वस्तुस्थिती : न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळून पुन्हा पूर्वीसारखे दिसले, तरी वापरायचे नाही. म्हणून ते फ्रीझरच्या जवळ ठेवत नाहीत. सारखे उघडझाप होणारे दारही टाळतात, कारण तिथले तापमान वरखाली होते. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून रोज नोंद करतो, हे उमेदवाराने आवर्जून सांगावे.

गैरसमज ३ : गोंधळलेल्या गिऱ्हाइकाला ‘समजलं ना?’ विचारले की झाले.

वस्तुस्थिती : संकोचाने माणूस ‘हो’ म्हणतो. समजा, संधिवाताच्या आजींच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट 7.5 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, दर सोमवारी, असे लिहिले आहे. सोबत फॉलिक ॲसिड आहे, ते मंगळवारी. आजी म्हणतात, ‘रोज एकेक घेऊ ना?’ मेथोट्रेक्सेट रोज घेतले तर तोंड येते, रक्तपेशी घटतात, जिवावरही बेतू शकते.

इथे आवाज चढवून किंवा ‘चिठ्ठीत लिहिलंय की!’ म्हणून भागत नाही. ‘आजी, ही गोळी फक्त सोमवारी. रोज नाही हं,’ असे सांगून पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त सोमवारी’ लिहायचे. मग विचारायचे, ‘आता घरी सुनबाईंना कसं सांगाल, मला सांगा बरं?’ आजींनी वार बरोबर सांगितला तरच पाकीट हातात द्यायचे. चार आठवड्यांसाठी चारच गोळ्या दिल्या, तर चुकीची शक्यता आणखी घटते.

मुलाखतीत ‘मी नीट समजावून सांगेन’ असे मोघम उत्तर देऊ नका. कोणता प्रश्न विचाराल आणि पाकिटावर काय लिहाल, ते सांगा.