लिंक आली, पण उघडेना

ताईंनो, असं तुमच्याही गटात झालं असेल. व्हॉट्सअॅपवर सीआरपी ताईंचा मेसेज येतो, ‘कर्ज प्रस्तावाच्या कागदपत्रांची यादी, सगळ्यांनी पाहून घ्या’, आणि खाली निळी लिंक. बोट लावलं की पांढरा पडदा येतो, त्यावर You need access. पुन्हा पुन्हा दाबलं तरी तेच.

आधी एक समजून घ्या. मोबाईल बिघडलेला नाही, रेंजही गेलेली नाही. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की कागद कपाटात आहे आणि तुम्हाला किल्ली दिलेली नाही. गुगल ड्राइव्हवर कागद ठेवला की तो सुरुवातीला Restricted असतो, म्हणजे ज्याने ठेवला तो आणि त्याने ज्यांचे ईमेल जोडले ते, एवढ्यांनाच दिसतो. लिंक हा नुसता पत्ता आहे. पत्ता शंभर जणींना पाठवला तरी कुलूप निघत नाही.

कधी किल्ली आपल्याकडेच असते, पण दुसऱ्या खिशात. फोनमध्ये दोन जीमेल खाती असतात, एक आपलं आणि एक मुलाने शाळेसाठी उघडलेलं. परवानगी गटाच्या ईमेलला दिलेली आणि फोन उघडतोय मुलाच्या खात्यातून. म्हणून आधी कोणत्या खात्यातून उघडतोय ते बघा आणि खातं बदलून पाहा. तरीही नाही उघडलं, तर Request access दाबा. ही विनंती कागदाच्या मालकाच्या ईमेलवर जाते. त्याने ईमेल चार दिवस उघडलाच नाही तर तुम्ही चार दिवस वाट बघत बसाल, म्हणून सोबत फोनही करा.

फोन कुणाला, इथे बऱ्याच जणी चुकतात. आमच्या ग्रामसंघातली गोष्ट सांगते. लिंक रविवारी आली, कागद शुक्रवारी द्यायचे होते. सगळ्या सीआरपी ताईंच्या मागे लागल्या. पण त्यांनी ती लिंक नुसती पुढे ढकलली होती, त्यांनाही उघडत नव्हती. कागद तालुक्याच्या एका कर्मचाऱ्याने बनवलेला. किल्ली त्याच्या हातात, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं!

तोवर एका गटाने काय केलं? ‘मागच्या वेळी लागले तेच कागद लागतील’ म्हणून प्रत्येकीच्या आधारची झेरॉक्स काढली, आणि इतिवृत्तात ‘यादीप्रमाणे कागद जमा केले’ असं लिहूनही टाकलं. यादी तर कुणी पाहिलीच नव्हती. बुधवारी कळलं, की आधारच्या प्रती या वेळी नकोच होत्या. कर्ज मागणीचा ठराव, गटाचं पासबुक आणि सहा महिन्यांचा हिशोब हवा होता. झेरॉक्सचे पैसे गेलेच, वर इतिवृत्तातली ओळ खोटी ठरली. पुढे ऑडिटला ती कोण समजावून सांगणार?

शेजारच्या गटाच्या सचिव ताईंनी वेगळं केलं. पडद्याचा स्क्रीनशॉट काढला आणि सीआरपी ताईंना विचारलं, ‘ही लिंक तुम्हाला कुणी पाठवली?’ त्या कर्मचाऱ्याचा नंबर मिळाल्यावर त्याला मेसेज केला:

‘सर, यादीची लिंक उघडत नाही, परवानगी मागतेय. पीडीएफ किंवा फोटो पाठवा. ते जमत नसेल तर एवढंच सांगा: कोणते कागद, किती प्रती, सह्या कुणाच्या, आणि कुठे द्यायचे?’

संध्याकाळी उत्तर आलं. पूर्ण यादी नव्हती, पण चारही प्रश्नांची उत्तरं लेखी होती. यादी हातात नसताना त्यांनी एक काम मात्र करून घेतलं होतं. बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं. यादीत काहीही असो, ते वाया जाणारं नव्हतं. आणि इतिवृत्तात लिहिलं, ‘लिंक उघडली नाही, माहिती मागवली आहे, ठराव पुढच्या बैठकीत.’ जे पाहिलं नाही, ते पाहिलं म्हणून लिहिलं नाही.

आता उलट बाजू. उद्या तुम्हीच ग्रामसंघाचा कागद पाठवणार. पाठवण्याआधी Share मध्ये जाऊन Restricted च्या जागी Anyone with the link करा आणि पुढे Viewer ठेवा. Editor ठेवलं तर ज्याच्या हाती लिंक पडेल तो आकडे बदलू शकेल. मग घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडून बघा. मात्र कागदात सभासदांचे आधार किंवा खाते क्रमांक असतील तर कुलूप राहू द्या, आणि ज्यांना गरज आहे त्यांचेच ईमेल जोडा. म्हणून कुलूप दिसलं की लगेच पाठवणाऱ्यावर चिडू नका, कधी ते आपल्याच माहितीसाठी असतं.

आणि हो, कागद नुसता बघायला बँकेचा ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. लिंकने तो मागितला तर ती यादी नव्हे. पडदा बंद करा आणि गटातल्या बाकीच्यांनाही लगेच कळवा.