‘परिणाम आढळला नाही’ हे कसे लिहावे?

प्रयोग नीट केला, पण अपेक्षित परिणाम दिसला नाही, तर अहवालात काय लिहावे? पुष्कळ विद्यार्थी ‘उपकरणे साधी असल्याने यश आले नाही’ असे लिहून मोकळे होतात. त्यातून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. मायकेलसन आणि मॉर्ले यांनी १८८७ साली हे काम कसे केले ते पाहा.

प्रकाशलहरी ‘ईथर’ नावाच्या माध्यमातून जातात, अशी त्या काळी समजूत होती. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरते. तेव्हा ईथरचा ‘वारा’ प्रकाशाच्या वेगात जाणवायला हवा. प्रकाशाचा एक झोत दुभंगून दोन काटकोनी दिशांना पाठवला आणि परत एकत्र आणला, की काळे-पांढरे पट्टे दिसतात. उपकरण फिरवले असता हे पट्टे सरकतील, अशी कल्पना होती.

मायकेलसनने १८८१ साली केलेल्या पहिल्या प्रयोगात पट्टे सरकले नाहीत. पण अपेक्षित सरकणे त्याने दुप्पट धरले होते. खरे सरकणे मोजमापातील चुकीहून जेमतेम अधिक भरत होते. एवढे थोडे सरकणे असते तरी ते दिसलेच असते, अशी खात्री नव्हती. म्हणून तो ‘नाही’ फारसा बोलका नव्हता.

१८८७ साली दोघांनी उपकरण पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी लादीवर बसवले आणि आरशांच्या साहाय्याने प्रकाशाची वाट सुमारे ११ मीटर केली. आता पट्ट्याच्या रुंदीच्या ०.४ इतके सरकणे अपेक्षित होते. प्रत्यक्षातील सरकणे याच्या विसाव्या भागाहून खात्रीने कमी, आणि बहुधा चाळिसाव्या भागाहूनही कमी आहे, असे त्यांनी लिहिले. सरकणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि ४० चे वर्गमूळ ६ हून थोडे अधिक. म्हणून ईथरच्या संदर्भात पृथ्वीचा वेग तिच्या कक्षेतील वेगाच्या बहुधा एक षष्ठांशाहून कमी आणि खात्रीने एक चतुर्थांशाहून कमी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सूर्यमालेच्या गतीमुळे त्या वेळी योगायोगाने वेग कमी झालेला असू शकेल, म्हणून दर तीन महिन्यांनी प्रयोग करायला हवा, हेही त्यांनी नमूद केले.

यात कोठेही दिलगिरी नाही. किती अपेक्षित होते, किती दिसू शकले असते, म्हणून कमाल किती असेल आणि काय तपासायचे राहिले, एवढेच आहे.

हीच रीत लंबकाला लावा. १ मीटर लांबीच्या लंबकाला २० आंदोलनांसाठी सुमारे ४० सेकंद लागतात. हातघड्याळाची चूक ०.२ सेकंद धरली तर ती अर्धा टक्का होते. तेव्हा ‘वजनाचा परिणाम नाही’ असे न लिहिता ‘गोळ्याचे वजन चौपट केले तरी आवर्तकालात अर्ध्या टक्क्याहून अधिक फरक आढळला नाही’ असे लिहा. लांबी १ सेंटिमीटरने चुकली तरीही अर्ध्या टक्क्याचाच फरक पडतो. म्हणून ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली की नाही, हेही नोंदवा.