कात्या, कातेन्का, कात्का

रशियात येकातेरिना हे नाव कागदपत्रांवर असतं. घरात ती कात्या. यात लाड नाही, नुसती जवळीक. 'कातेन्का, पोचलीस का?' असा आईचा मेसेज आला की माया जाणवते. 'कात्का' भावंडांत चालतं, मोठ्यांच्या तोंडी ते बरेचदा खडसावणं असतं.

खरी मेख सासू-सुनेत. एरवी 'कात्या' लिहिणारी सासू फक्त सूचना देताना 'कातेन्का, सूपमध्ये असं मीठ घालत नाहीत' लिहू लागली, तर सुनेला ते खुपतं, आणि माझ्या मते रास्तच. तिशीतल्या बाईला लहान मुलगी केलं जातं. शिवाय सून तिला उलट लाडाने हाक मारू शकत नाही. ती बहुधा आदराने नाव आणि पितृनाम लिहिते: 'आन्ना पेत्रोव्ना'.